गाईड बदलला तरी पीएच.डी.ची मुदत तीच राहते: मार्गदर्शक बदल आणि मुदतवाढ, सोलापूरच्या एका फाइलमधून

गेल्या वर्षी जुलैत अक्कलकोट तालुक्यातल्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात, अर्थशास्त्रात पीएच.डी. करतात. विषय सोलापुरातल्या विडी कामगार महिलांचं उत्पन्न आणि कर्ज. त्यांचे गाईड 31 मे 2025 ला निवृत्त झाले होते. म्हणाल्या, "सर, नवीन गाईड शोधायचाय. बाकी घाई काही नाही, माझी मुदत 2027 पर्यंत आहे."

मी फाइल मागितली. प्रवेशपत्रावर तारीख होती 10 फेब्रुवारी 2020. विषयाला मंजुरी मिळाल्याचं पत्र 18 ऑगस्ट 2021 चं. बाई मोजत होत्या त्या दुसऱ्या तारखेपासून. पण यूजीसीच्या नियमात सहा वर्षांची कमाल मुदत कोर्सवर्क धरून आहे, आणि कोर्सवर्क विषयमंजुरीच्या आधीच होतं. म्हणजे त्यांची मुदत 9 फेब्रुवारी 2026 ला संपत होती. दोन वर्षं आहेत असं समजून आलेल्या बाईंच्या हातात जेमतेम सात महिने होते, आणि गाईडच नव्हता.

त्यांची फाइल पुढे कशी सरकली ते इथे क्रमानं सांगतो. मी स्वतः बरीच वर्षं गाईड आहे आणि समितीच्या बैठकांतही बसलो आहे. टेबलाच्या पलीकडून अर्ज कसा वाचला जातो, हे संशोधकाला कोणी सांगत नाही. ते सांगावं म्हणून हा लेख.

आधी तारखा, मग अर्ज

कोऱ्या कागदावर पाच तारखा लिहून काढा: प्रवेशाची, कोर्सवर्क पूर्ण झाल्याची, विषयमंजुरीची, शेवटच्या प्रगती अहवालाची आणि सहा वर्षं संपण्याची. प्रत्येक तारखेसमोर ती ज्या कागदावर आहे त्याचा जावक क्रमांक टाका. प्रवेशाचं पत्र हरवलं असेल तर पहिल्या वर्षाच्या फीची पावती शोधा आणि केगावला विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात जाऊन नोंदवहीतली तारीख ताडून घ्या. फोनवर विचारू नका, समोर बसून बघा.

दुसरी गोष्ट, तुम्हाला कोणते नियम लागू आहेत ते ठरवा. यूजीसीची नवी नियमावली 7 नोव्हेंबर 2022 ला आली. त्याआधी नोंदणी झालेल्यांना जुनीच, म्हणजे 2009 ची किंवा 2016 ची नियमावली लागू राहते. मुदतीच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. 2022 च्या नियमांत सहा वर्षांनंतर पुनर्नोंदणी करून जास्तीत जास्त दोन वर्षं मिळू शकतात, एकूण आठ वर्षांच्या वर नाही. महिलांना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन, एकूण दहा. 2016 च्या नियमांत महिला आणि अपंग संशोधकांना सहाच्या वर दोन वर्षांची सवलत आहे, आणि इतरांची मुदतवाढ विद्यापीठाच्या स्वतःच्या अध्यादेशावर सोडलेली आहे.

आमच्या बाई 2020 च्या, म्हणजे 2016 चे नियम. महिला म्हणून त्यांना 9 फेब्रुवारी 2028 पर्यंत जाता येत होतं. हे कळल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी म्हटलं, ताई, सवलत आहे म्हणजे ती आपोआप मिळत नाही. मागावी लागते, मुदत संपायच्या आत मागावी लागते, आणि ज्यानं शिफारस करायची तो गाईड आज तुमच्याकडे नाही. सबब पहिलं काम गाईडचं.

नवा गाईड: आधी जागा बघा

बहुतेक जण आधी ओळखीच्या सरांकडे जातात, ते "हो, करू की" म्हणतात, आणि दोन महिन्यांनी कळतं की त्यांच्याकडे जागाच नाही. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. तुम्ही दुसऱ्याकडून आलात तरी त्याच आकड्यात मोजले जाता. माझ्याकडे आठ पूर्ण होते, म्हणून मी बाईंना घेऊ शकलो नाही.

आणखी दोन अडथळे आहेत. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला आहे त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही, असं 2022 ची नियमावली म्हणते. राज्यात महाविद्यालयीन शिक्षक साठाव्या वर्षी निवृत्त होतो, तेव्हा सत्तावन्न ओलांडलेल्या सरांना आधीच नम्रपणे निवृत्तीची तारीख विचारा, नाहीतर गाईड बदलण्याची पाळी पुन्हा येईल. दुसरा अडथळा म्हणजे बाहेरचा मुख्य गाईड चालत नाही. पुण्यातल्या नामांकित सरांना घ्यायची इच्छा अनेकांना असते. ते सहमार्गदर्शक होऊ शकतात, तेही सल्लागार समितीच्या मान्यतेनं. मुख्य गाईड आपल्याच विद्यापीठाच्या कक्षेतला, मान्यताप्राप्त आणि पूर्णवेळ नियमित शिक्षक हवा.

निवृत्त झालेल्या गाईडना मात्र पूर्ण सोडू नका. 2022 च्या नियमांत निवृत्तीनंतर त्यांना सहमार्गदर्शक म्हणून वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत राहता येतं. बाईंच्या गाईडनी पाच वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं होतं, कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत ते स्वतः गेले होते. त्यांचं नाव सहमार्गदर्शक म्हणून ठेवायचं असा प्रस्ताव आम्ही अर्जातच घातला. त्यामुळे त्यांनी ना हरकत पत्र आनंदानं दिलं, आणि नव्या गाईडनाही विषय नव्यानं समजून घेण्याचं ओझं वाटलं नाही. नव्या गाईड सहयोगी प्राध्यापक आहेत, त्यांच्याकडे पाच विद्यार्थी होते, एक जागा मोकळी होती.

मार्गदर्शक बदलाच्या अर्जाला चार कागद लागले: जुन्या गाईडचं ना हरकत पत्र, नव्या गाईडचं संमतीपत्र, नव्या गाईडकडे सध्या किती विद्यार्थी आहेत याची संशोधन केंद्राच्या सहीची यादी, आणि निवृत्तीच्या आदेशाची प्रत. विद्यापीठाचा छापील नमुना आणि शुल्क त्या त्या वेळी पीएच.डी. विभागातून घ्या, कारण ते बदलत असतात.

समितीला कोणतं कारण पटतं

समिती म्हणजे संशोधन व मान्यता समिती, आपण सगळे तिला आरआरसी म्हणतो. एका बैठकीत ढीगभर फाइली असतात. एका फाइलला काही मिनिटं मिळतात. त्या वेळात सदस्य तीन गोष्टी बघतात: कारण संशोधकाच्या हाताबाहेरचं आहे का, त्याला कागद आहे का, आणि कागदावरच्या तारखा कारणाशी जुळतात का.

मार्गदर्शक बदलाला निवृत्ती, मृत्यू, दुसऱ्या विद्यापीठात बदली, दीर्घ आजार किंवा दीर्घ रजा, मार्गदर्शक म्हणून मान्यता संपणं, ही कारणं अडत नाहीत, कारण आदेशाचा एक कागद पुरतो. विषयाचा रोख बदलला आणि त्यातला जाणकार दुसरा आहे, हेही चालतं, पण मग सल्लागार समितीच्या इतिवृत्तात ते आधी आलेलं असावं लागतं. लग्नानंतर किंवा इतर कारणानं स्थलांतर करणाऱ्या महिलेला 2022 च्या नियमांनी संशोधनाची माहिती दुसऱ्या संस्थेत नेण्याची मुभा दिली आहे. मात्र ते काम एखाद्या निधीच्या प्रकल्पातलं नसावं, आणि जुन्या संस्थेला व गाईडला श्रेय द्यावं लागतं.

अडतं ते "गाईडशी पटत नाही" हे कारण. ते खोटं असतं म्हणून नव्हे. ते समितीला तपासता येत नाही म्हणून. "सर वेळ देत नाहीत, अपमान करतात, दोन वर्षं चॅप्टर वाचलेला नाही" असं लिहिलं की सदस्य गाईडना फोन करतात, गाईड म्हणतात "ती येतच नाही", आणि फाइल चौकशीसाठी बाजूला जाते. याच्या जागी तारखा लिहा. "प्रकरण तीन दिनांक अमुक रोजी ईमेलनं पाठवलं, स्मरणपत्र तमुक तारखांना, अभिप्राय आजतागायत प्राप्त नाही. कामाला खीळ बसू नये म्हणून परस्पर संमतीनं बदल व्हावा ही विनंती." ईमेलच्या छापील प्रती जोडा. एवढ्यानं दोष कोणाचा हे ठरवण्याची वेळच समितीवर येत नाही, आणि अनेक गाईड अशा अर्जाला ना हरकतही देतात. ना हरकत मिळतच नसेल तर केंद्रप्रमुखांना लेखी कळवून, त्यांची पोच जोडून, अर्ज पुढे पाठवा.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. गाईडचं वागणं लैंगिक छळाचं असेल तर ते आरआरसीच्या अर्जात सौम्य शब्दांत गुंडाळू नका. ती तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे करा, साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. यूजीसीच्या 2015 च्या नियमांनुसार चौकशी चालू असतानाच त्या व्यक्तीला तुमच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून रोखता येतं. मुलींना हे माहीत नसतं, आणि त्या वर्षानुवर्षं त्याच माणसाच्या सहीसाठी थांबतात. त्या सहीची वाट बघू नका.

मुदतवाढीच्या कारणांत स्वतःचं गंभीर आजारपण, बाळंतपण, गाईड नसल्याचा काळ, आणि माहिती गोळा करण्याची जागाच बंद असणं, ही चालणारी कारणं. कोविडच्या काळात यूजीसीनं प्रबंध सादर करण्याची मुदत सरसकट वाढवली होती, टप्प्याटप्प्यानं 30 जून 2022 पर्यंत. आज "कोविडमुळे उशीर झाला" एवढं लिहून भागत नाही. पाहणी नेमकी कुठे आणि किती महिने अडली ते लिहावं लागतं.

नोकरीचा व्याप, परीक्षेचं काम, निवडणूक ड्युटी ही आपल्याकडच्या शिक्षकांची नेहमीची कारणं. ड्युटीचा आदेश खरा असतो, पण तो काही दिवसांचा असतो आणि मुदतवाढ वर्षाची मागितलेली असते. आकडा जुळत नाही. घरचं लग्न, बांधकाम, वडिलधाऱ्यांचं आजारपण ही कारणं माणूस म्हणून प्रत्येकाला समजतात. त्यांतलं आजारपण रुग्णालयाच्या कागदांसह पूरक म्हणून जोडावं, मुख्य कारण म्हणून नको.

प्रगती अहवालच आडवा आला

बाईंना 2022 मध्ये मूल झालं होतं. कनिष्ठ महाविद्यालयाच्या आदेशानुसार 13 जून ते 9 डिसेंबर 2022, अशी 180 दिवसांची प्रसूती रजा. कारण पक्कं, कागद पक्का. पण जुलै ते डिसेंबर 2022 चा सहामाही प्रगती अहवाल काढला आणि मी थबकलो. त्यात लिहिलं होतं: "क्षेत्रीय पाहणी समाधानकारकपणे सुरू आहे." खाली बाईंची सही, गाईडची सही.

असं बहुतेक फाइलींत असतं. अहवाल भरायचा म्हणून मागच्याचीच नक्कल होते. आणि मुदतवाढ मागताना तोच अहवाल सांगतो की काम कधी अडलंच नव्हतं. समितीत कोणीतरी हे नक्की बघतं, कारण अहवाल फाइलमध्येच लावलेले असतात.

जुना अहवाल बदलायचा नाही, खाडाखोड तर मुळीच नाही. आम्ही निवृत्त गाईडकडून एक पानाचं स्पष्टीकरण घेतलं. त्या सहामाहीत आधी भरून झालेल्या प्रश्नावल्यांची संगणकावर नोंद चालू होती, प्रत्यक्ष पाहणी रजेमुळे बंद होती, आणि अहवालात रजेचा उल्लेख राहून गेला, असं त्यात होतं. हे खरंच होतं, नोंदींच्या फाइलवर तारखा होत्या. बरोबर कनिष्ठ महाविद्यालयाचा रजा आदेश जोडला. ज्या भगिनींचं बाळंतपण अजून व्हायचं आहे त्यांनी रजेचा अर्ज संशोधन केंद्राकडेही त्याच वेळी द्यावा. यूजीसीच्या नियमांत संपूर्ण पीएच.डी.च्या काळात 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची तरतूद आहे. नोकरीच्या ठिकाणी मंजूर झालेली रजा विद्यापीठाला आपोआप कळत नाही.

किती मागायचं

मार्गदर्शक बदलाचा अर्ज ऑगस्टमध्ये गेला, बैठक दिवाळीनंतर झाली आणि मंजुरीचं पत्र आलं 12 नोव्हेंबर 2025 ला. तोवर मूळ मुदतीतले तीनच महिने उरले होते. बदल मंजूर झाल्यानं एक दिवसही वाढत नाही, हे पत्र हातात पडल्यावर अनेकांच्या लक्षात येतं. म्हणून दुसरा अर्ज आम्ही आधीच तयार ठेवला होता. तो 20 नोव्हेंबरला आवक झाला.

बाईंचं म्हणणं होतं की नियमात दोन वर्षं आहेत तर दोनच मागू. मी नको म्हटलं. समितीला गेलेले दिवस आणि मागितलेले दिवस शेजारी ठेवता आले पाहिजेत. प्रसूती रजा 180 दिवस. 1 जून ते 12 नोव्हेंबर 2025 गाईडविना गेलेले 165 दिवस. एकूण 345. म्हणून मागणी एक वर्षाची, 10 फेब्रुवारी 2026 ते 9 फेब्रुवारी 2027. शिवाय दोन्ही वर्षं एकदम मागून संपवली की पुढे खरंच अडचण आली तर मागायला काही उरत नाही.

अर्जाचा मुख्य मजकूर असा होता:

"महोदय, माझा पीएच.डी. प्रवेश दिनांक 10/02/2020 रोजी झाला असून सहा वर्षांची मुदत 09/02/2026 रोजी संपत आहे. प्रसूती रजा (180 दिवस, आदेश सोबत) व मार्गदर्शक निवृत्त झाल्यापासून नवीन मार्गदर्शक मंजूर होईपर्यंतचा कालावधी (165 दिवस, दोन्ही पत्रे सोबत) यामुळे एकूण 345 दिवस काम होऊ शकले नाही. सहापैकी चार प्रकरणे पूर्ण असून मार्गदर्शकांनी तपासली आहेत. उर्वरित कामाचे वेळापत्रक सोबत जोडले आहे. महिला संशोधकांसाठीच्या तरतुदीनुसार 09/02/2027 पर्यंत एक वर्षाची मुदतवाढ मिळावी, ही विनंती."

यात दुःखाचं वर्णन नाही. "कृपाळू होऊन" नाही. मला हाच मजकूर योग्य वाटतो, कारण सदस्य तो एका दमात वाचून शेजारच्याला सांगू शकतो.

वेळापत्रकावर जास्त मेहनत घ्या. "मार्चमध्ये प्रकरण पाच, मेमध्ये प्रकरण सहा" एवढं पुरत नाही, कारण प्रबंध लिहून झाल्यावरही बराच वेळ जातो. बाईंच्या 300 प्रश्नावल्यांपैकी 40 पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या बायकांच्या होत्या आणि त्यांतली उत्तरं अजून मराठीत आणायची होती. त्याला एक महिना धरला. मग पाचवं आणि सहावं प्रकरण, नव्या गाईडचं संपूर्ण वाचन, वाङ्मयचौर्य तपासणी आणि त्यानंतरची दुरुस्ती, सल्लागार समितीसमोर पूर्वसादरीकरण, छपाई. 2016 च्या नियमांखालच्या संशोधकांना प्रबंध देण्याआधी संदर्भित नियतकालिकात किमान एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं लागतात. बाईंचं एक सादरीकरण कमी होतं! ते वेळापत्रकात आलं नसतं तर डिसेंबरमध्ये कळलं असतं. प्रबंध सादर करण्याची तारीख आम्ही नोव्हेंबर 2026 ची ठेवली, मुदतीच्या अडीच-तीन महिने आधी.

अर्ज हातातून गेल्यावर

अर्जाचा मार्ग गाईड, मग संशोधन केंद्राचे प्रमुख म्हणजे बहुतेक वेळा प्राचार्य, मग विद्यापीठाचा पीएच.डी. विभाग आणि तिथून समिती. सगळ्यात जास्त वेळ महाविद्यालयाच्या कार्यालयात जातो. बाईंचा पहिला अर्ज प्राचार्यांच्या सहीनंतर तिथल्याच एका ट्रेमध्ये नऊ दिवस पडून होता, कारण जावक क्रमांक टाकायचा राहिला होता. दुसऱ्या वेळी त्या स्वतः पत्र घेऊन केगावला गेल्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतली. बैठक मुदतीनंतर झाली असती तरी ती प्रत सांगत होती की मागणी मुदतीत आली होती. ही एक प्रत घरी वेगळी ठेवा, फाइलमध्ये नको.

बैठकीची तारीख विभागात विचारत राहा, आणि विषयपत्रिकेत आपलं नाव आहे का तेही. त्रुटी काढून अर्ज परत आला तर त्रुटीचं पत्र लेखी मागा. नामंजूर झाला तरी कारण लेखी घ्या. कारण कागदाच्या अभावाचं असेल तर कागद जोडून फेरविचाराचा अर्ज पुढच्या बैठकीत जातो. नियमात बसत असूनही नाकारलं, किंवा उत्तरच येत नाही, तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. 2023 च्या यूजीसी नियमांनुसार तिनं 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्या निर्णयावर 15 दिवसांत लोकपालांकडे अपील करता येतं. मात्र कमाल मर्यादाच उलटून गेली असेल तर या वाटेनं मुदत मिळत नाही, हे ध्यानात असू द्या.

बाईंच्या फाइलवर जानेवारीच्या बैठकीत एक वर्ष मंजूर झालं, दर तीन महिन्यांनी प्रगती अहवाल देण्याच्या अटीवर. पत्र आल्यावर त्या ते मला दाखवायला आल्या. आम्ही दोघांनी ते ओळ न् ओळ वाचलं. मुदतवाढीचा कालावधी बैठकीच्या तारखेपासून धरला आहे की 10 फेब्रुवारीपासून, नव्या गाईडचं नाव मान्यतापत्रात आहे तसंच आहे का, विषयाच्या शीर्षकातला एखादा शब्द गळला आहे का. तारीख बरोबर होती, नाव बरोबर होतं. शीर्षकात मात्र "विडी कामगार महिला" च्या जागी "विडी कामगार" एवढंच छापलं होतं. प्रबंधाच्या मुखपृष्ठावरचं शीर्षक आणि विद्यापीठाच्या पत्रातलं शीर्षक वेगळं निघालं तर प्रबंध स्वीकारतानाच अडतो. बाई त्याच दुपारी दुरुस्तीचा अर्ज घेऊन केगावला गेल्या.